कमेंटमधला राग आपल्या गिऱ्हाइकाचा की पाठवलेला? दुकानाचं पेज नवीन हातात घेतलेल्यांसाठी

दिवाळीला आठ-नऊ दिवस होते, दुपारी साडेतीनला आमच्या एका कुंदावाल्या काकांचा फोन आला. "अरे ते फेसबुक बघ की, आग लागलीय तिथं, सगळं डिलीट कर आधी." सकाळी साडेदहाला मीच त्यांच्या पेजवर नवीन डब्याचा फोटो टाकला होता, नेहमी अशा पोस्टला वीस-पंचवीस कमेंट येतात, दर काय, पुण्याला पार्सल मिळेल काय, असलंच. उघडून बघतो तर 343. काकांचं म्हणणं, कुणीतरी मुद्दाम करवलंय. त्यांच्या मुलाचं म्हणणं, नाही, लोक खरंच चिडलेत, माफीची पोस्ट टाकूया. दोघंही अर्धे बरोबर होते हे संध्याकाळी कळलं, आणि ते कसं कळलं तेच सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी इकडं कुणा दुकानाचं पेज सांभाळायला घेतलं असेल तर आज ना उद्या ही दुपार तुमच्यावर येणारच.

आधी डब्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. जुन्या डब्यावर पुढं मोठ्या अक्षरात मराठी होतं. नवीन डिझाइनमधे पुढं कन्नड आणि इंग्रजी आलं, मराठी गेलं मागच्या बाजूला, बारीक अक्षरात. आणि दुसरी एक गोष्ट झाली होती जी पोस्टमधे लिहिलीच नव्हती (मलाही कुणी सांगितली नव्हती), अर्धा किलोचा डबा आता 400 ग्रॅमचा झाला होता, दर तोच.

पहिलं काम: काही पुसू नका, सगळं दिसेल असं करा

फेसबुक आपल्याला आधी Most relevant कमेंट दाखवतं, म्हंजे ज्यावर भांडण जास्त तेच वर. त्यावरून अंदाज केला की फसलात. तिथं दाबून All comments करा, त्यात फेसबुकनं स्पॅम समजून बाजूला टाकलेलंपण दिसतं, आणि आपल्याला नेमकं तेच बघायचं असतं. फोनवर हे काम करू नका, कॉम्प्युटर घ्या, कारण तिथं कमेंटखालच्या "2h" वर माउस नेला की पूर्ण तारीख आणि वेळ दिसते.

मग स्क्रीनशॉट. वरपासून खालपर्यंत सगळे. पाठवलेले लोक काही तासांनी आपलीच कमेंट काढून टाकतात, मग तुमच्याकडे दाखवायला काही उरत नाही.

सगळ्या कमेंट वाचायची गरज नाही. मी सुरुवातीच्या सगळ्या घेतल्या आणि जिथं एकदम फुगवटा आला तिथल्या साठ, चार सोडून एक अशा उचलल्या, आणि शीटमधे चार रकाने केले: वेळ, नाव, काय लिहिलंय, आणि कशाबद्दल तक्रार. शेवटचा रकाना स्वतः हातानं भरायचा. इथं आपल्याकडची एक अडचण आहे, एकच माणूस मराठी देवनागरीत लिहितो, दुसरा तेच इंग्रजी अक्षरात, तिसरा कन्नडमधे, चौथा तिन्ही मिसळून. कन्नड येत नसेल तर दुकानातल्या पोराला शेजारी बसवा, ट्रान्सलेटवर सोडू नका, टोमणा आणि शिवी दोन्ही त्यात सपाट होतात.

वेळ बघा, पण वेळेवर एकट्यावर भरवसा नको

सकाळी साडेदहापासून दुपारी 1:40 पर्यंत 31 कमेंट होत्या. त्यातल्या 17 वजनाबद्दल, 4 मराठी मागं टाकल्याबद्दल, बाकी नेहमीच्या दर-पार्सलवाल्या. नंतर 1:40 ते सव्वातीन, दीड तासात, 312. राग असा येत नाही का? येतो. पण आपल्या गिऱ्हाइकाचा राग बहुतेक वेळा आपल्या पोस्टवरूनच पसरतो, कुणी शेअर करतं, बहिणीला टॅग करतं, जेवणानंतर वाढतो, रात्री परत वाढतो, चढ असतो त्याला. इथं मात्र भिंत होती. तीन तास शांत आणि मग एका मिनिटापासून धबधबा, म्हंजे बाहेर कुठंतरी लिंक टाकली गेली एवढं नक्की. एवढंच नक्की हो, लिंक टाकणारा वाईट हेतूचाच होता हे त्यातून निघत नाही.

यात मी एकदा सपशेल तोंडावर आपटलोय. पूर्वी एका ट्रॅव्हल्सवाल्यांचं पेज होतं माझ्याकडं, पुण्याहून बेळगावला येणारी रात्रीची गाडी तवंदी घाटात दोन वाजता बंद पडली आणि लोक पहाटेपर्यंत रस्त्यावर. सकाळी आठ ते नऊ एका तासात तीसेक कमेंट, वाक्यं जवळजवळ सारखी, चार-पाच खाती तर त्याच आठवड्यात उघडलेली. मी मालकांना छातीठोकपणे सांगितलं, हे ठरवून चाललंय, दुसऱ्या ट्रॅव्हल्सवाल्याचं काम. झालं होतं असं की गाडीतल्या लोकांनी रस्त्यावर उभ्या उभ्याच व्हॉट्सॲप ग्रुप काढला होता, एकानं मजकूर लिहिला आणि सगळ्यांनी तो टाकला, आणि ज्यांचं फेसबुकच नव्हतं त्यांनी तेवढ्यासाठी उघडलं. ठरवून होतं, पण राग शंभर टक्के खरा होता. मला कळायला पाहिजे होतं, कारण प्रत्येकानं सारख्या मजकुराच्या खाली आपलं काहीतरी जोडलं होतं: सीट नंबर, कुणाबरोबर लहान बाळ होतं, कुणाची सकाळची परीक्षा बुडली, ड्रायव्हर काय बोलला. मी ते वाचलंच नव्हतं, फक्त वेळ आणि खाती बघितली होती.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. खातं खरं की खोटं हे मी शेवटी बघतो. आधी बघतो, या माणसाला झळ बसलीय काय.

वस्तू हातात घेतलेला माणूस कसा बोलतो

आता डब्याकडं परत. फुगवट्यातल्या साठ कमेंटचा हिशेब असा निघाला: 41 कमेंट म्हंजे तीनच वाक्यं, फिरवून फिरवून, इमोजी बदलून. 9 भाषेबद्दलच, पण स्वतःच्या शब्दात. 6 वजनाबद्दल. 4 इकडचं तिकडचं.

सारखी वाक्यं शोधायला शीटमधे मजकूर C रकान्यात असेल तर दुसऱ्या ओळीच्या मोकळ्या रकान्यात हे टाका आणि खाली ओढा:

```
=COUNTIF(C:C,C2)
```

तोच मजकूर किती वेळा आलाय तो आकडा येतो. पण यावर फार विसंबू नका, एक इमोजी वाढला तरी शीटला ते वेगळं वाटतं, आणि मजकुरात प्रश्नचिन्ह असेल तर शीट त्याला "कुठलंही एक अक्षर" समजून मोजतं. त्यापेक्षा तो रकाना अक्षरक्रमानं लावा, सारख्या सुरुवातीच्या ओळी एकाखाली एक येतात, डोळ्यालाच दिसतं.

सारखं वाक्य हा पुरावा अर्धाच (गाडीवाले आठवा). पूर्ण पुरावा म्हंजे सारखी चूक. त्या 41 मधल्या बऱ्याच कमेंटमधे "बेळगावच्या या हॉटेलनं" असं होतं. काकांचं हॉटेल नाहीच, मिठाईचं दुकान आहे, बसायला साधा बाकडासुद्धा नाही. दुकानात एकदा पाऊल टाकलेला माणूस त्याला हॉटेल म्हणणार नाही. आणि त्याहून बोलकं दुसरं: त्या सगळ्यांनी लिहिलं होतं की डब्यावरून मराठी "काढलं". जे इथले होते ते लिहीत होते, मराठी "मागं टाकलासा". हा फरक बघा की. डबा ज्यानं हातात धरून उलटा करून बघितलाय तोच "मागं" म्हणणार. ज्यानं पुढच्या बाजूचा कापलेला फोटो बघितलाय त्याच्यासाठी ते "काढलेलं"च आहे, तो खोटं बोलत नाहीये, त्याला तेवढंच दाखवलंय.

इथल्या माणसाची सकाळची एक कमेंट देतो, म्हंजे झळ बसलेला कसा बोलतो ते दिसेल: "काका वजन कमी केलासा आणि दर तेच ठेवलासा, काल कॅम्पातल्या बहिणीला दोन डबे दिलो, तिनं वजन करून बघितली तेव्हा कळलं, आधी सांगायचं तरी." यात कधी घेतलं, किती घेतलं, कसं कळलं आणि काय करायला पाहिजे होतं सगळं आलं. उलट पाठवलेली कमेंट मागते काय तर बहिष्कार, नाहीतर "जाहीर माफी", कुणाची कशाबद्दल त्याचा पत्ता नाही.

झुंड आली की निशाणा हुकतो, ही जुनी गोष्ट आहे. मार्च 2019 मधे सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर गदारोळ झाला तेव्हा कित्येक लोकांनी प्ले स्टोअरवर जाऊन मायक्रोसॉफ्ट एक्सेलला एक स्टार देऊन शिव्या घातल्या, नावात एक्सेल दिसलं म्हणून. तुमच्या पेजवरही बघा, त्याच नावाच्या दुसऱ्या गावातल्या दुकानाला शिव्या पडायला लागल्यात काय, तुम्ही विकतच नाही अशा पदार्थाबद्दल कुणी बोलतंय काय.

आपल्याकडचं भाषेचं प्रकरण, इथं जरा जपून

ही पायरी बाहेरच्या कुठल्या मार्केटिंगवाल्याला सांगून कळणार नाही. दिवाळी आणि 1 नोव्हेंबर जवळजवळ येतात. तिकडं राज्योत्सवाची मिरवणूक, इकडं काळा दिवस, 1956 पासून चाललेलं. त्या पंधरवड्यात साध्या लाडवाच्या पोस्टवरही भाषेची कमेंट येते, दोन्ही बाजूंनी. म्हणून तुलना करताना एप्रिल-मेमधल्या पोस्टशी करू नका, मागच्या वर्षीच्या याच दिवसातल्या पोस्टशी करा. आमच्या पेजवर मागच्या दिवाळीत दोन-तीन असल्या कमेंट होत्या. सकाळच्या चार त्या हिशेबात बसतात. दुपारच्या नाही.

आणि कबूल करतो, मी मराठी, त्या कमेंटपण मराठी, वाचताना मलाच बरं वाटत होतं. आपल्या बाजूची झुंड आपल्याला झुंड वाटत नाही. त्याच कमेंट उलट्या भाषेत आल्या असत्या तर मी पाच मिनिटांत "पेड आहे" म्हणून मोकळा झालो असतो. याच्यावर माझा एक उपाय आहे, भाषेचं नाव झाकून वाचायचं. "अमुक भाषा काढली" एवढंच ठेवायचं आणि मग बघायचं, बाकीच्या वाक्यात डबा, दुकान, गल्ली काही उरतंय काय.

त्या 9 जणांचं मात्र वेगळं. त्यातले पाच सरळ इथले होते, एक बाई शहापूरच्या, लिहिलं होतं की आईला मराठीच वाचता येतं, तिनं पुढून डबा बघून विचारलं हे आपल्याच दुकानातलं काय. यांना आर्थिक झळ नाही, पण मन दुखलंय, आणि ते खरं आहे. म्हणून मी आता तीन ढीग करतो: झळ बसलेले, मन दुखलेले, आणि पाठवलेले. पहिले दोन आपले. नवीन पोरं दुसरा ढीग तिसऱ्यात टाकतात आणि तिथं दुकानाचं खरं नुकसान होतं.

विचारून बघा

सगळ्यात स्वस्त परीक्षा. दहा सारख्या कमेंटखाली आणि वजनवाल्या सहांच्या खाली मी एकच ओळ टाकली: "नमस्कार, डबा कुठल्या दुकानातून घेतला होता ते सांगाल काय, बघून लगेच सांगतो." आवाज साधा पाहिजे, बिल दाखवा असलं काही नको, खरा गिऱ्हाईक त्यानं आणखी पेटतो. तासाभरात वजनवाल्या सहापैकी पाच जणांनी उत्तर दिलं, दोघांनी वजनकाट्यावर ठेवलेल्या डब्याचा फोटो टाकला. सारख्या दहापैकी एकानं हसणारा इमोजी टाकला, बाकी परत आलेच नाहीत. पाठवलेला माणूस कमेंट टाकून पुढच्या कामाला जातो. त्याच्या कमेंटवर लाइकपण नसतात, कारण थांबून दुसऱ्याचं वाचायला कुणी बसलेलंच नसतं. वजनवाल्या कमेंटवर मात्र वीस-तीस लाइक होते, सगळे इथल्या लोकांचे.

खाती, शेवटी आणि थोडक्यात

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या तीन टिंबांत About this account असतं, बऱ्याच खात्यांना खातं कधी उघडलं आणि कुठल्या देशातलं ते तिथं दिसतं. त्याचा उपयोग एवढाच की एकाच आठवड्यात उघडलेली वीस खाती दिसली तर शंका घ्यायची. एकेकट्या खात्यावरून काही ठरवू नका. लॉक प्रोफाइल, फुलाचा डीपी, शून्य पोस्ट, आमच्या गल्लीतल्या निम्म्या काकूंची खाती अशीच आहेत. आणि उलट, पाठवलेले बहुतेक जण खरे असतात, स्वतःच्या फोटोसकट. मेटानं डिसेंबर 2021 मधे झुंडीनं कमेंट करून एखाद्याला छळणाऱ्या किंवा गप्प करणाऱ्या नेटवर्कवर कारवाईची घोषणा केली, त्याला ते ब्रिगेडिंग म्हणतात, खोट्या खात्यांच्या जाळ्यापासून वेगळं धरून, म्हंजे खाती खरी निघाली म्हणून झुंड नाही असं होत नाही.

उगम सापडला तर

वेळ, वाक्यं, उत्तरं, हा सगळा अंदाज आहे. पुरावा एकच, ज्या मेसेजनं लोक पाठवले तो मेसेज. दुकानाचं नाव फेसबुक, इन्स्टा, एक्सवर शोधा, नावाच्या चुकीच्या स्पेलिंगनंपण शोधा. आणि दुकानातल्या माणसांना विचारा, कुणाच्या ना कुणाच्या ग्रुपवर ते आलेलं असतंच. आमच्याकडं पॅकिंगला येणाऱ्या मावशींच्या मुलाच्या फोनवर सापडलं: डब्याच्या पुढच्या बाजूचा कापलेला फोटो, "बेळगावच्या या हॉटेलनं" पासून सुरू होणारा मजकूर, खाली आमच्या पोस्टची लिंक आणि "प्रत्येकानं जाऊन कमेंट करा, सोडू नका". वर Forwarded many times लिहिलेलं, म्हंजे तो मेसेज निदान पाच चॅटमधून फिरत आला होता. सुरू कुणी केला ते त्यावरून कळत नाही, आणि म्हणूनच काकांनी जेव्हा "हे त्या समोरच्या दुकानवाल्याचंच" म्हटलं तेव्हा मी ते कुठंच लिहू दिलं नाही.

मग केलं काय

शिव्या आणि धमक्या होत्या त्या तेवढ्या Hide केल्या, डिलीट एकही नाही. Hide केलेली कमेंट लिहिणाऱ्याला आणि त्याच्या मित्रांना दिसत राहते, त्यामुळं "माझी कमेंट पुसली" असा नवीन स्क्रीनशॉट फिरत नाही, निदान लगेच नाही.

आधी उत्तर वजनाला, कारण चूक तिथं होती. संध्याकाळी सहाला वेगळी पोस्ट, फोटो नाही, सजावट नाही: "नवीन डबा 400 ग्रॅमचा आहे, दर अर्ध्या किलोचाच लावला गेला आणि हे आम्ही आधी सांगितलं नाही. ज्यांनी नवीन डबा घेतलाय त्यांनी दुकानात यावं, उरलेला 100 ग्रॅम कुंदा मिळेल, बिलाची गरज नाही." बिलाची गरज नाही यावर काका अर्धा तास अडून बसले होते.

भाषेवर त्या दिवशी एकच वाक्य, जुन्या पोस्टखाली पिन करून: मराठी मागच्या बाजूला आहे, फोटो हा, पुढच्या छपाईत पुढं घ्यायचा विचार चालू आहे. शहापूरच्या बाईंना वेगळं उत्तर दिलं. 41 वाक्यांना उत्तर नाही, वाद नाही, "तुम्ही पेड आहात" तर अजिबात नाही, कारण खऱ्या गिऱ्हाइकानं ते वाचलं की त्याला वाटतं आपल्यालाच म्हणालेत.

दोन दिवसांनी परत मोजलं. सारख्या वाक्यांची नवीन कमेंट एक नाही, आणि जुन्यातल्याही साताठ लिहिणाऱ्यांनीच काढून टाकलेल्या. वजनाच्या नवीन अकरा, त्यातल्या निम्म्या "मिळालं, धन्यवाद" म्हणणाऱ्या, आणि एक आजोबा, ज्यांनी लिहिलं होतं की मला 100 ऐवजी 90 दिलासा, परत येतो.